थांबलेल्या चेंडूची तरंगलांबी आणि ग्रॅफाइटच्या नळीतली वर्तुळं

प्रश्न: बीएस्सीला प्रॅक्टिकलमध्ये ग्रॅफाइट लावलेल्या नळीत इलेक्ट्रॉनची हिरवी वर्तुळं दिसली. पण λ = h/p हे सूत्र बघितलं की एक शंका राहते. चेंडू जवळजवळ थांबला तर p शून्याकडे जाणार, मग λ प्रचंड व्हायला हवी. तरीही थांबलेला चेंडू कधी लाटेसारखा का दिसत नाही? आणि नळीतली वर्तुळं इलेक्ट्रॉनच्या तरंगांचीच आहेत, आपण काढलेली λ बरोबर आहे, हे कशावरून ठरवायचं?

उत्तर:

शंका रास्त आहे आणि सूत्रात काहीही चुकलेलं नाही. गफलत होते ती ‘जवळजवळ थांबला’ या शब्दांत. आपल्या डोळ्यांना थांबलेला दिसणारा चेंडू h च्या हिशोबाने भलताच वेगात असतो. आकडे घालून बघू.

h ची किंमत ६.६३ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमचा धरा आणि तो सेकंदाला १ मायक्रोमीटर या वेगाने सरकतोय असं माना. म्हणजे १ मिलिमीटर जायला त्याला १००० सेकंद, जवळपास सतरा मिनिटं लागतील. समोर बसून टक लावली तरी तो हलतोय हे कळणार नाही. त्याचा संवेग होतो १.६ × १०⁻⁷, आणि तरंगलांबी सुमारे ४ × १०⁻²⁷ मीटर. प्रोटॉनचा व्यास १.७ × १०⁻¹⁵ मीटरच्या आसपास असतो. म्हणजे ही लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्याही चारशे अब्जाव्या भागाएवढी.

अजून थांबवू म्हणाल, तर तापमान आडवं येतं. ३०० केल्विनच्या खोलीत ठेवलेल्या कुठल्याही वस्तूला आजूबाजूच्या हवेचे रेणू सतत धक्के देत असतात. त्यामुळे कोणत्याही एका दिशेतला तिचा सरासरी वेग √(kT/m) एवढा तरी राहतोच. चेंडूसाठी हा वेग सेकंदाला १.६ × १०⁻¹⁰ मीटर येतो आणि तरंगलांबी २.६ × १०⁻²³ मीटर. अजूनही प्रोटॉनपेक्षा कित्येक कोटी पटींनी लहान. आता याच खोलीत, याच तापमानाला, याच सूत्रात चेंडूच्या जागी इलेक्ट्रॉन घाला. उत्तर येतं सुमारे ११ नॅनोमीटर, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या कित्येक डझन अणूंएवढी लांबी. तापमान तेच, नियम तोच, बदललं फक्त वस्तुमान. तापमान सारखं असताना λ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि चेंडूच्या व इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानांत १०²⁹ पटींचा फरक आहे.

आता उलट बाजूने विचारू. चेंडूची तरंगलांबी नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगी, समजा १ मिलिमीटर, करायची तर त्याला किती थांबवावं लागेल? v = h/(mλ) वरून वेग येतो सेकंदाला ४ × १०⁻³⁰ मीटर. या वेगाने स्वतःच्या एका तरंगलांबीएवढं, म्हणजे १ मिलिमीटर अंतर कापायला चेंडूला २.४ × १०²⁶ सेकंद लागतील. विश्वाचं आजचं वय सुमारे ४.४ × १०¹⁷ सेकंद आहे. एक लाट पुढे सरकलेली बघायला विश्वाच्या वयाच्या पन्नास कोटी पटींहून जास्त वेळ थांबायचं, आणि तेवढा वेळ चेंडूला हवेच्या एकाही रेणूचा, प्रकाशाच्या एकाही कणाचा धक्का लागता कामा नये. p शून्याकडे गेला की λ वाढते हे शंभर टक्के खरं आहे, पण चेंडूच्या बाबतीत त्या शून्याच्या जवळपास जायला वाटच नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि पाठ्यपुस्तकं ती एका ओळीत उरकतात. ‘लहान वस्तू लाटेसारखी वागते, मोठी कणासारखी’ हे वाक्य अर्धवट आहे. लाट दिसणं हे गुणोत्तरावर ठरतं. वाटेत एकमेकांपासून d अंतरावर असलेल्या फटी किंवा ओळी असतील, तर लाट साधारण λ/d रेडियन एवढ्या कोनातून वळते. हा कोन मोजण्याएवढा असेल तर लाट दिसते, नसेल तर कण सरळ गेल्यासारखा वाटतो. वस्तू कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

याचा उत्तम दाखला म्हणजे घरोघरी असायचा तो जुना, मागून फुगीर असलेला रंगीत टीव्ही. त्यात इलेक्ट्रॉन सुमारे २५,००० व्होल्टवर पळवले जात. त्यांची तरंगलांबी ०.००७७ नॅनोमीटर. पडद्याच्या आत साधारण एक सेंटिमीटर अलीकडे बारीक भोकांची धातूची जाळी असे, भोकं साधारण पाव मिलिमीटरची. λ/d येतं ३ × १०⁻⁸ रेडियन. जाळीपासून पडद्यापर्यंतच्या सेंटिमीटरभर प्रवासात या वळणाने इलेक्ट्रॉन किती बाजूला सरकेल? एका अणूच्या रुंदीएवढा. पडद्यावरचा रंगाचा ठिपका त्याच्या लाखो पट मोठा. म्हणून ती नळी बनवणाऱ्यांना इलेक्ट्रॉन हा छर्ऱ्यासारखा धरूनच सगळा हिशोब करता आला, आणि तो अचूक ठरला.

तुमच्या प्रयोगशाळेतल्या नळीतही असेच वेगवान इलेक्ट्रॉन आहेत, फक्त ५००० व्होल्टचे. तरंगलांबी ०.०१७३ नॅनोमीटर. पण त्यांच्या वाटेत ग्रॅफाइट आहे, आणि त्यातल्या अणूंच्या ओळी ०.२१३ नॅनोमीटर अंतरावर आहेत. λ/d येतं ०.०८, म्हणजे पावणेपाच अंश. पडदा साडेतेरा सेंटिमीटरवर असेल तर इलेक्ट्रॉन ११ मिलिमीटर बाजूला जाऊन पडतो. टीव्हीतला इलेक्ट्रॉन आणि हा इलेक्ट्रॉन यांत काही फरक नाही, फरक पडला तो भोकाच्या जागी अणूंची रांग आल्याने.

चेंडूची खरी अडचणही इथेच आहे. १०⁻²³ मीटर तरंगलांबीला मोजण्याएवढं वळवायला अणूंच्या अंतराहून कितीतरी बारीक ओळींची जाळी लागेल. जाळी बनवायची तर अणूंचीच, आणि अणू एकमेकांपासून १०⁻¹⁰ मीटरवर. त्याहून बारीक, नीट ओळीत मांडलेलं काही आपल्या हाती नाही.

मग रेषा नेमकी कुठे आहे? माझ्या मते तशी रेषाच नाही, अवघड होत जाणारा चढ आहे. व्हिएन्नात १९९९ साली साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूवर, C₆₀ वर, हा प्रयोग झाला. त्याचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या तेरा लाख पट. सेकंदाला सुमारे २२० मीटर वेगाने येणाऱ्या या रेणूची तरंगलांबी २.५ पिकोमीटर होते, म्हणजे रेणूच्या स्वतःच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी लहान. त्यांनी १०० नॅनोमीटर अंतराच्या फटींची जाळी वापरली. कोन आला अडीच लक्षांश रेडियन, आणि सव्वा मीटर अंतरावर जाऊन तीस मायक्रोमीटरचा सरकाव. तेवढा मोजता आला आणि लाट दिसली.

पण अशा रेणूंपाशी आणखी एक अडचण सुरू होते, आणि ती λ च्या आकड्यात दिसत नाही. लाट दिसायची तर रेणू कोणत्या फटीतून गेला याची खूण मागे राहता कामा नये. वाटेत हवेचा रेणू धडकला, तर त्या धडकेत जागेची माहिती बाहेर जाते आणि पट्टे पुसट होतात. रेणू स्वतःच तापलेला असेल तर तो वाटेत उष्णतेचा प्रकाश सोडतो, आणि तो प्रकाशही तीच चुगली करतो. व्हिएन्नातच C₇₀ रेणू लेझरने तापवत नेऊन हे २००४ मध्ये पडताळलं गेलं. रेणू जितका तापला तितके पट्टे फिके होत गेले, वेग आणि तरंगलांबी तशीच असूनही. चेंडू तर खोलीच्या तापमानाला सतत, सगळीकडून उष्णता सोडत आणि हवेचे धक्के खात असतो. त्याला योग्य जाळी मिळाली असती तरी ही दुसरी अडचण एकटीच पुरेशी होती.

आता तुमच्या नळीकडे येऊ. λ काढायचं सूत्र असं:

```
λ = h / √(2·m·e·V)
λ (nm) = 1.226 / √V        (V व्होल्टमध्ये)
```

५००० व्होल्टपर्यंत हे सरळ वापरा. सापेक्षतेच्या दुरुस्तीने तिथे फरक पडतो पाव टक्क्याएवढा, आणि तुमची मोजपट्टी त्याहून जास्त चुकते. एक लाख व्होल्टच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र हेच सूत्र ०.००३८८ नॅनोमीटर देतं, आणि खरी किंमत आहे ०.००३७०. तिथे दुरुस्ती टाळून चालत नाही.

नळी सुरू करताना आधी फक्त फिलामेंटला व्होल्टेज द्या आणि मिनिटभर थांबा. मग उच्च दाब शून्यापासून हळूहळू वर न्या, आणि करंट नळीच्या पत्रकात दिलेल्या मर्यादेच्या आत ठेवा. ग्रॅफाइटचा थर अतिशय पातळ असतो. करंट वाढवला की मधोमध, जिथे शलाका पडते तिथे, तो तापून लाल होतो आणि जळून भोक पडतं. भोक पडलं की मधला ठिपका झगझगीत होतो आणि वर्तुळं पुसट होतात, मग व्होल्टेज कितीही फिरवलं तरी ती परत येत नाहीत. नळी अशी खराब होण्याचं हे नेहमीचं कारण आहे. वर्तुळं फिकी दिसताहेत म्हणून करंट वाढवू नका, खोलीत अंधार करा. जोडण्या बदलायच्या असतील तर दाब शून्यावर आणून, पुरवठा बंद करूनच हात लावा.

वर्तुळं दोन दिसतील. रेषा जाडसर असते म्हणून प्रत्येकाच्या आतल्या कडेचा आणि बाहेरच्या कडेचा व्यास मोजा आणि सरासरी घ्या. ग्रॅफाइटपासून पडद्यापर्यंतचं अंतर L असेल आणि वर्तुळाचा व्यास D, तर लहान कोनांसाठी:

```
λ = d · D / (2L)
```

L = १३५ मिलिमीटर असलेल्या नळीत आतल्या वर्तुळाचा (d = ०.२१३ नॅनोमीटर) व्यास ३००० व्होल्टला २८.४ मिलिमीटर, ४००० ला २४.६ आणि ५००० ला २२.० यायला हवा. बाहेरचं वर्तुळ (d = ०.१२३ नॅनोमीटर) ५००० व्होल्टला ३८ मिलिमीटरचं. कोणत्याही व्होल्टेजला बाहेरचा व्यास भागिले आतला व्यास १.७३, म्हणजे √३ च्या आसपास यावा. ग्रॅफाइटच्या षट्कोनी जाळीच्या भूमितीतूनच तो आकडा येतो, व्होल्टेजशी त्याचा संबंध नाही. तो जमला नाही तर व्यास मोजण्यातच चूक आहे, पुढचं गणित करत बसू नका.

ठिपक्यांऐवजी अखंड वर्तुळं का दिसतात, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हटकून येतो. त्या थरात असंख्य बारीक स्फटिक असतात आणि प्रत्येकाची दिशा वेगळी. एकेक स्फटिक आपापले ठिपके टाकतो, आणि सगळ्यांचे मिळून वर्तुळ भरतं. उलटी परिस्थिती डेव्हिसन आणि जर्मर यांच्याकडे होती. १९२५ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत द्रवरूप हवेची बाटली फुटली, नळी तुटली आणि निकेलवर गंज चढला. तो काढायला निकेल बराच वेळ तापवलं, तेव्हा त्यातले बारीक स्फटिक एकत्र येऊन मोठे झाले. आधी न दिसलेली तीव्र शिखरं त्यानंतर दिसू लागली. पुढे एकाच स्फटिकावर मोजलेलं शिखर ५४ व्होल्टला, ५० अंशांवर होतं. निकेलच्या पृष्ठभागावरच्या ओळींचं अंतर ०.२१५ नॅनोमीटर, म्हणून λ = ०.२१५ × sin ५०° = ०.१६५ नॅनोमीटर. वरच्या सूत्रातून ५४ व्होल्टला येते ०.१६७. हा निकाल १९२७ चा.

तुमची λ अपेक्षेच्या बरोबर दुप्पट आली असेल, तर बहुधा दोहोंपैकी एक घडलंय. एक तर त्रिज्येच्या जागी व्यास घातलात, किंवा पडद्यावर मोजलेला वळणाचा कोन हाच ब्रॅगच्या सूत्रातला θ समजलात. पडद्यावर मोजता तो 2θ असतो. λ अपेक्षेच्या दीडपटीहून थोडी जास्त आली असेल तर d च्या जागी ०.३३५ नॅनोमीटर घातलंय का ते बघा. हे ग्रॅफाइटच्या दोन थरांमधलं अंतर आहे आणि पुस्तकात तेच आधी सापडतं. पण नळीत ग्रॅफाइटचे पापुद्रे आडवे पसरलेले असतात आणि इलेक्ट्रॉन त्यांच्यावर सरळ येऊन आदळतात. त्यामुळे वळवण्याचं काम थरांच्या आतल्या ओळी करतात, दोन थरांमधलं अंतर नाही.

तिसरी चूक मात्र समजुतीची आहे. बरेच जण λ = hc/E हे सूत्र वापरतात. ते प्रकाशाचं आहे. ५००० इलेक्ट्रॉन-व्होल्टसाठी ते ०.२४८ नॅनोमीटर देतं, खऱ्या किमतीच्या चौदा पट. इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे, त्याची ऊर्जा p²/2m आहे, आणि म्हणून λ व्होल्टेजच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते.

यातूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाची पहिली चाचणी मिळते. दाब ३००० वरून ५००० व्होल्टवर न्या. λ जर 1/V प्रमाणे बदलत असती, तर आतलं वर्तुळ २८.४ वरून १७ मिलिमीटरवर आलं असतं. 1/√V प्रमाणे बदलत असेल तर २२ वर येईल. पाच मिलिमीटरचा फरक साध्या प्लास्टिकच्या पट्टीनेही कळतो. सगळ्या वाचनांसाठी D × √V काढा. वरच्या आकड्यांत तो गुणाकार तिन्ही वेळा १५५५ च्या आसपास येतो. तुमच्याकडे तो व्होल्टेजबरोबर एकाच बाजूला सरकत असेल, तर आधी व्होल्टमीटर आणि मग पडद्याचा वक्रपणा तपासा. काचेच्या फुगीर पृष्ठभागावर पट्टी टेकवून मोजलेला मोठा व्यास सपाट पडद्याच्या सूत्रात जसाच्या तसा बसत नाही, आणि ही चूक बाहेरच्या वर्तुळात जास्त जाणवते.

दुसरी चाचणी करंटची. व्होल्टेज तसंच ठेवून करंट कमी करा. वर्तुळं मंद होतील, पण व्यास हलणार नाही. वर्तुळं जर इलेक्ट्रॉननी एकमेकांना ढकलल्यामुळे तयार होत असती, तर गर्दी कमी झाल्यावर ती आक्रसायला हवी होती.

तिसरी चाचणी मला सर्वांत पटते, कारण तिच्यात आकडेच नाहीत. वर्तुळं स्पष्ट दिसत असताना एक साधा चुंबक ग्रॅफाइट आणि पडदा यांच्यामधल्या काचेजवळ हळूच आणा. मधला ठिपका एका बाजूला सरकेल, आणि दोन्ही वर्तुळं त्याच्याबरोबर, त्याला मध्यभागी ठेवूनच सरकतील. चुंबक उलटा धरा, सगळी आकृती दुसऱ्या बाजूला जाईल. फार जवळ नेलात तर वर्तुळं लंबगोल होतील, म्हणून अंतर राखून करा. प्रकाश किंवा क्ष-किरण चुंबकाने हलत नाहीत. म्हणजे ग्रॅफाइटमधून बाहेर पडून पडद्यावर पोचणारी वस्तू विद्युतभार असलेली आहे. आणि तीच वस्तू पडद्यावर कुठे पोचायचं हे तरंगलांबीच्या हिशोबाने ठरवते आहे.